व्हिडिओ वॉल घेताय? आधी तिरकी रेघ लावून बघा

आमचं साड्यांचं दुकान. लॉबीत ५५ इंची चार स्क्रीन, दोनावर दोन, अशी भिंत करायची ठरवली. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, ‘बेझल ३.५ मिमी, बेझल कॉम्पेन्सेशनसह’. बेझल म्हणजे स्क्रीनच्या कडेची पट्टी. मी म्हटलं, पण मधली काळी पट्टी? विक्रेता म्हणाला, “दादा, कॉम्पेन्सेशन लावलं की पट्टी दिसतच नाही.” ७० टक्के आगाऊ दिले.

भिंत लागली, त्याने धबधबा, फुलं, ढग असं काहीबाही दाखवलं. झकास! उरलेले पैसेही देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी आमची जाहिरात लावली, तर पैठणीचा तिरका काठ मधल्या जोडावर चक्क तुटलेला, उजवीकडे पायरी पडून पुढे गेलेला. ढगाचा काठ सरकला तर कोणाला कळणार!

फूटपट्टी घेऊन चढलो. स्क्रीन बंद असताना कडेची प्लॅस्टिकची पट्टी खरंच साडेतीन मिमी. पण चालू केल्यावर तिच्या आत काचेखाली आणखी साडेआठ मिमी काळं राहतं. दोन्ही बाजूंचं मिळून उजेड ते उजेड अंतर २४ मिमी! साधे घरगुती टीव्ही गळ्यात मारले होते. व्हिडिओ वॉलच्या पॅनेलचं ‘३.५’ हे दोन स्क्रीनमधलं एकूण अंतर असतं, ते मला तेव्हा कुठे माहीत?

आणि कॉम्पेन्सेशन? कंट्रोलर नुसता चित्राचे चार तुकडे करणारा निघाला, बेझलची सेटिंगच नाही. महिनाभर भांडलो तेव्हा दुसरा मिळाला. या स्क्रीनची रुंदी १२१० मिमी, त्यात १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका ०.६३ मिमी. २४ भागिले ०.६३, सुमारे ३८ ठिपके. आडव्या-उभ्या दोन्ही जोडांना ३८ घातले आणि काठ सरळ झाला.

पण काळा क्रॉस तसाच! कॉम्पेन्सेशन पट्टी पुसत नाही. पट्टीमागे येणारं चित्र ते सोडून देतं, खिडकीच्या गजाआडून पाहावं तसं. आमच्या जाहिरातीत मोबाइल नंबर मधोमध होता, त्यातला एक आकडा गजाआड गेला. आमच्या पोऱ्याने नऊच आकडे वाचून दाखवले. आता नंबर खालच्या डाव्या स्क्रीनमध्येच बसवतो.

पैसे देण्याआधी लॅपटॉपवर पेंटमध्ये ४५ अंशांची जाड रेघ काढून भिंतीवर टाका. कोपऱ्यातून कोपऱ्यात नको, ती चारही स्क्रीन मिळतात तिथूनच जाते. वरच्या दोन स्क्रीनमधला उभा जोड ओलांडणारी काढा. कॉम्पेन्सेशन नसेल तर आमच्यासारख्या जोडावर २४ मिमीची पायरी दिसेल. कोटेशनमध्ये मात्र ‘बेझल’ हा शब्द खोडून ‘स्क्रीन चालू असताना उजेड ते उजेड अंतर’ असं लिहून घ्या. मी हे सांगितल्यावर दुसऱ्या एका विक्रेत्याने फोनच उचलला नाही.