क्रिएटिन, व्हे आणि व्हिटॅमिन डी : पुतण्याच्या चिठ्ठीतलं काय ठेवलं, काय खोडलं

प्रतापनगरच्या जिममधून पुतण्या एक चिठ्ठी घेऊन घरी आला. ट्रेनरनं लिहून दिली होती : व्हे, क्रिएटिन, बीसीएए, व्हिटॅमिन डी. "काका, हे सगळं घेतलं तर मेसचे पैसे कुठून देऊ?" वय 21, वजन 60 किलो, आठवड्यातून चार दिवस व्यायाम. घर पक्कं शाकाहारी, अंडंही चालत नाही. माझं काम आहारशास्त्राचं, म्हणून चिठ्ठी माझ्याकडे आली.

बीसीएए मी लगेच खोडलं. ती तीन अमिनो आम्लं असतात. स्नायू बांधायला शरीराला बाहेरून नऊ लागतात, आणि ही तीन दुधात, डाळीत, व्हेमध्ये आधीच असतात. उरलेल्या तिघांचं मात्र एकाच तराजूत वजन करता येत नाही. क्रिएटिनचा पुरावा सगळ्यात भक्कम. व्हेचा पुरावाही चांगला, पण तो खरं म्हणजे प्रथिनांचा पुरावा आहे, डब्याचा नाही. आणि व्हिटॅमिन डी ज्याच्या शरीरात कमी आहे त्याच्यासाठी औषध, बाकीच्यांसाठी जवळजवळ काहीच नाही.

व्हेपासून सुरुवात केली, कारण पैसे तिथेच जास्त जातात. चीज किंवा पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातलं, म्हणजे निवळीतलं प्रथिन वाळवलं की व्हे. वजन उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात. त्यापुढे वाढवून सरासरीनं स्नायूंत फारशी भर पडत नाही. पुतण्याचा हिशेब झाला 96 ग्रॅम.

मग त्याचा दिवस मांडला. सकाळचे तर्री पोहे चण्यांसकट 8 ग्रॅम. दुपारी मेसमध्ये चार पोळ्या, एक वाटी वरण, भाजी, ताक मिळून 22. संध्याकाळी चहा-समोसा 4, रात्रीचं जेवण 18, झोपताना ग्लासभर दूध 8. एकूण 60. म्हणजे 36 ग्रॅमची तूट. ही तूट कशानं भरायची, एवढाच प्रश्न उरतो. सोयाबीनची वडी कोरडी 50 ग्रॅम घेतली की 26 ग्रॅम मिळतात, वर 50 ग्रॅम पनीर म्हणजे आणखी 9. झालं. नाहीतर व्हेचा एक स्कूप 24 ग्रॅम आणि दोन वाट्या दही.

पैशाचा हिशेब डब्याच्या वजनावर करू नका, आतल्या प्रथिनावर करा. एक किलोच्या डब्यात 33 ग्रॅमचे 30 स्कूप, प्रत्येकी 24 ग्रॅम धरले तर 720 ग्रॅम प्रथिन हाती लागतं. एक किलो सोयाबीन वडीत ते 520 ग्रॅमच्या आसपास असतं. आता इतवारीतल्या किराण्याचा भाव आणि डब्यावरची किंमत शेजारी ठेवा. बाप्पा, तिथेच बहुतेक निकाल लागतो! व्हेचा खरा फायदा सोयीचा : पचायला हलकं, शिजवायचं नाही, मेसवाल्याला विनवायचं नाही. ज्याच्या मेसमध्ये वरणात डाळ शोधावी लागते त्यानं एक स्कूप घेतला तर मी हसणार नाही. दुधानं पोट फुगत असेल तर कॉन्सन्ट्रेटऐवजी आयसोलेट घ्यावं, त्यात लॅक्टोज फार कमी असतं.

डबा घेताना एक गोष्ट बघा. प्रथिन मोजायची जुनी पद्धत नायट्रोजन मोजते, आणि ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली तरी नायट्रोजनचा आकडा वाढतो. घटकांच्या यादीत ही नावं सुटी लिहिलेली दिसली तर लेबलवरचे 24 ग्रॅम संशयानं वाचावेत.

क्रिएटिन मात्र मी ठेवलं, आणि तेही आधी शाकाहारासाठी. ते मांस-मासळीत असतं, डाळ-पोळीत नाही. शरीर थोडं स्वतः बनवतं, तरीही शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा कमी असतो, म्हणून पूड घेतल्यावर वाढायला जागाही जास्त. उपयोग होतो तो थोडा वेळ जोर लावायच्या कामात : आठव्या उचलीला हात थरथरतो तिथे नववी, दहावी निघते. पळण्याच्या लांब शर्यतीत त्याचा फारसा उपयोग नाही. रोज 3 ते 5 ग्रॅम, कधीही. पहिला आठवडा 20 ग्रॅम घेण्याची पद्धत चालते, पण तिनं साठा फक्त लवकर भरतो. 3 ग्रॅमनंही महिनाभरात तो तिथेच पोचतो. साधं मोनोहायड्रेट घ्यावं. महागड्या प्रकारांनी त्याच्यावर मात केल्याचं दिसलेलं नाही. 250 ग्रॅमची पिशवी 3 ग्रॅमनं 83 दिवस चालते.

सुरुवातीला किलो-दीड किलो वजन वाढतं, ते स्नायूंत ओढलेलं पाणी असतं. केस गळण्याची भीती 2009 सालच्या एका छोट्या अभ्यासातून आली. त्यात रग्बी खेळाडूंचं केसगळतीशी जोडलं जाणारं एक संप्रेरक वाढलं होतं, केस कुणी मोजलेच नव्हते.

खरी गडबड होते ती रक्ताच्या रिपोर्टमध्ये. क्रिएटिनमधूनच क्रिएटिनिन बनतं, आणि मूत्रपिंडाची चाचणी त्यावरच बेतलेली असते. दोन महिन्यांनी पुतण्यानं कॉलेजच्या तपासणीत रक्त दिलं तर आकडा 1.4 आला आणि घरात रडारड. निरोगी माणसात असा थोडा वाढलेला आकडा म्हणजे मूत्रपिंड बिघडलंच असं नाही. पण ते गृहीतही धरू नये. डॉक्टरांना पूड घेत असल्याचं आधी सांगावं. त्यांनी त्याची सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाचीच दुसरी चाचणी करून घेतली, ती क्रिएटिनच्या पुडीनं हलत नाही. ती नीट आली. ज्याला मूत्रपिंडाचा आजार आधीच आहे त्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पूड आणूच नये.

राहिलं व्हिटॅमिन डी. "नागपूरच्या उन्हात कमतरता कशी?" असं सगळे विचारतात. मेमध्ये पारा 45 वर गेला की आपण तोंडाला दुपट्टा बांधतो, अंग झाकतो, दुपारी घराबाहेर पडत नाही. आणि त्वचेला व्हिटॅमिन डी बनवायला लागणारे किरण दुपारच्या आगेमागेच जास्त असतात, खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. त्यामुळे कमतरता खरीच सापडते. पण निरोगी प्रौढांना सरसकट गोळ्या देऊन काय झालं, ते अमेरिकेतल्या सुमारे 26,000 लोकांच्या व्हायटल चाचणीत दिसलं : कर्करोग, हृदयविकाराचे झटके, आणि पुढे 2022 मध्ये जाहीर झालेल्या भागात हाडं मोडणं, यातलं काही कमी झालं नाही. हाडं-स्नायू दुखणारी, उन्हात न जाणारी, गरोदर, 75 च्या पुढची माणसं यांचा विचार वेगळा. रक्तातल्या व्हिटॅमिन डीचा आकडा मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या खाली आला की डॉक्टर बहुधा 60,000 युनिटचा डोस आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात.

आमच्या वहिनींनी नेमकं हेच चुकवलं. आठवड्याची पुडी रोज घेतली, सात आठवडे. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान. रक्तात कॅल्शियम चढलं होतं. दवाखान्यात दोन दिवस राहावं लागलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, म्हणून जास्तीचं महिनोन्‌महिने राहतं.

पुतण्याला त्यामुळे मी व्हिटॅमिन डीची पुडी दिलीच नाही, त्याची चाचणीही नाही. उलट चिठ्ठीत नसलेली एक तपासणी लिहून दिली : बी12, जे अंडं-मांस न खाणाऱ्याला खरोखर कमी पडतं. त्याचा आकडा कमी निघाला आणि डॉक्टरांनी गोळी चालू केली. आता त्याच्या खोलीत क्रिएटिनची एक पिशवी आणि दोन किलो सोयाबीन वडी असते. व्हेचा डबा परीक्षेच्या महिन्यापुरता येतो, कारण तेव्हा मेसमध्ये रांग लावायला त्याला वेळ नसतो.