चार्जबॅक आल्यावर लढावे की सोडून द्यावे? शहापूरच्या एका साडीचा हिशेब

बेळगावातल्या शहापूर-वडगाव भागातील एका दुकानाने आपल्या संकेतस्थळावरून पुण्याच्या ग्राहकाला ६,४०० रुपयांची साडी क्रेडिट कार्डावर विकली, असे समजू. महिनाभराने गेटवेकडून, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडून, चार्जबॅकची सूचना येते. म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली, त्या बँकेने ती व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे पाठवली आणि निकाल लागेपर्यंत ही रक्कम दुकानदाराच्या येण्यातून वळती झाली. आता दावा मान्य करायचा की पुरावा देऊन लढायचे, हे ठरवताना सूचनेतले तक्रारीचे कारण आधी वाचावे. साडी तीच असली तरी कारण बदलले की उत्तरही बदलते.

पहिले कारण ‘माल मिळालाच नाही’ हे असेल (व्हिसाच्या यादीत १३.१), तर बहुधा लढावे. येथे एकच गोष्ट सिद्ध करायची असते, ती म्हणजे ग्राहकाने दिलेल्या पत्त्यावर माल पोचला. त्यासाठी बिल, त्यावरील पत्त्याशी जुळणारी कुरिअरची पोच, तारीख आणि घेणाऱ्याची सही किंवा ओटीपीची नोंद पुरेशी असते. माल रवाना झाल्याची पावती म्हणजे माल पोचल्याचा पुरावा नव्हे. अनेक जण नेमके येथेच हरतात. आपल्या भागात आणखी एक अडचण असते. कुरिअरची पावती कधी कन्नडमध्ये, ग्राहकाशी झालेले बोलणे मराठीत, आणि निर्णय देणारा अधिकारी या दोन्ही भाषा न जाणणारा. म्हणून प्रत्येक कागदासोबत त्याचे इंग्रजी भाषांतर आणि सुरुवातीला घटनाक्रम सांगणारे अर्ध्या पानाचे पत्र जोडावे.

दुसरे कारण ‘माल दाखवल्यासारखा नाही’ हे असेल (१३.३), तर हीच पोच निरुपयोगी ठरते, कारण माल मिळाल्याचे ग्राहक स्वतःच मान्य करतो. येथे त्या दिवशी संकेतस्थळावर असलेले वर्णन व छायाचित्र, पाठवण्यापूर्वी काढलेला साडीचा फोटो, ग्राहकाने खरेदीच्या वेळी मान्य केलेले परतीचे नियम आणि साडी परत पाठवा असे आपण कळवल्याचे संदेश लागतात. पानावर ‘रेशमी’ असे लिहून प्रत्यक्षात मिश्र धाग्याची साडी गेली असेल, तर लढण्यात अर्थ नाही. केवळ रंगाच्या छटेचा वाद असेल आणि परतीची सोय नाकारलेली नसेल, तर लढता येते, पण खात्री पहिल्या कारणाइतकी नसते.

‘व्यवहार मी केलाच नाही’ या तिसऱ्या कारणाची देशांतर्गत विक्रीत फारशी धास्ती नको. ओटीपीने पडताळलेल्या व्यवहारातील फसवणुकीची जबाबदारी सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. मात्र कार्डाच्या विवरणात दुकानाचे नाव न छापता मालकाच्या जुन्या फर्मचे नाव छापले जात असेल, तर प्रामाणिक ग्राहकही अशी तक्रार करतो. ते नाव आजच बदलून घ्यावे.

आता पैशाकडे वळू. गेटवेचे शुल्क २ टक्के धरले, तर विक्रीच्या वेळी १२८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २३.०४ रुपये, म्हणजे १५१.०४ रुपये कापले गेले. चार्जबॅकचे शुल्क करारागणिक वेगळे असते; हिशेबासाठी ते ५०० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ५९० रुपये धरू. दावा मान्य केला तर ६,४०० रुपये जातात, मूळ शुल्क सहसा परत मिळत नाही आणि वर ५९० भरावे लागतात. साडी ग्राहकाकडेच राहिली, तर तिची किंमत आणि कुरिअर सोडून खिशातून ७४१.०४ रुपये जातात. लढून जिंकल्यास ६,४०० परत येतात; पण ५९० परत मिळतील की नाही, हे करारावर अवलंबून असते. काही करारांत हरल्यावर शुल्क वाढते. तेव्हा चार-पाचशे रुपयांच्या ब्लाउजपीससाठी लढणे परवडेलच असे नाही.

तक्रार बँकेत जाण्यापूर्वीच ग्राहकाने फोन केला आणि दुकानदाराने साडी परत घेऊन रिफंड दिला, तर शुल्कात केवळ १५१.०४ रुपये आणि कुरिअरचा खर्च जातो. शिवाय चार्जबॅकच्या मोजणीत नोंद होत नाही. ही मोजणी महत्त्वाची आहे, कारण जिंकलेला चार्जबॅकही तीत धरला जातो. मास्टरकार्ड एका महिन्यात किमान १०० चार्जबॅक आणि १.५ टक्के प्रमाण, या दोन्ही मर्यादा गाठणाऱ्यांना देखरेखीखाली घेते. छोटे दुकान शंभरापर्यंत जात नाही. मात्र गेटवे प्रमाण वाढलेले पाहून स्वतःच्या नियमांनुसार पैसे रोखून धरू शकतो किंवा पुढच्या करारात दर वाढवू शकतो.

चार्जबॅक दाखल झाल्यानंतर मात्र वेगळा रिफंड कधीही देऊ नये. बँकेने रक्कम आधीच वळती केलेली असते आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा जाते. चुकून दिलाच असेल, तर रिफंडचा संदर्भ क्रमांक हाच पुरावा म्हणून सूचनेतल्या मुदतीच्या आत सादर करावा.