पूर्ण फाईल पाठवू की फक्त बदललेलं? दुकानांच्या बिलिंग प्रोग्रामसाठी तीन पर्याय

खानापूरचा एक दोस्त दुकानांना बिलिंगचा प्रोग्राम देतो, बेळगाव, निपाणी, नंदगड, जांबोटी मिळून साठेक दुकानं. मागच्या आठवड्यात विचारालाय की अपडेट कसा पाठवू, दर महिन्याला 23 एमबीची झिप उतरवायला जांबोटीकडचे लोक कुरकुर करतात, पावसात तर तिकडं नेटवर्कचा नुसता खेळ असतो. त्याला फोनवर सांगितलं ते अर्धवट झालं, म्हणून इथं नीट लिहितोय, म्हणजे अजून कोण ठरवत असेल तर त्यालाही उपयोग होईल.

पर्याय तीनच. एक, दरवेळी पूर्ण फाईल. दोन, ब्लॉकवाला प्रकार, म्हणजे zsync सारखा. तीन, जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवून आधीच पॅच, म्हणजे दोघींतल्या फरकाची, डेल्टाची, छोटी फाईल बनवून ठेवायची, xdelta3 किंवा bsdiff ने.

पण आधी दोस्ताची चूक सांगतो, कारण ही सगळेच करतात. त्यानं जुनी झिप आणि नवी झिप घेऊन xdelta चालवला आणि पॅच आला जवळजवळ 22 एमबीचा, मग म्हणाला डेल्टा-बिल्टा सगळं खोटं आहे. अरे बाबा, खोटं नाही, झिप आहे ना ती. झिपच्या आत एखाद्या फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी त्या जागेपासून पुढचे दाबलेले बिट त्या फाईलच्या शेवटापर्यंत बहुतेक वेगळेच होतात, आणि त्याच्या प्रोग्राममध्ये आत एकच थोराड फाईल असल्यानं जवळजवळ सगळी झिपच नवी दिसली. तेच सामान न दाबता tar करून, 61 एमबीचं, परत पॅच बनवला तर 1.4 एमबी आला. म्हणजे डेल्टा काढायचा असेल तर आधी दाबलेलं उघडायचं, डेल्टा काढायचा आणि मग पॅच दाबायचा, हा क्रम चुकला की सगळं वाया.

आता ब्लॉकवाला प्रकार कसा चालतो ते बघ. 61 एमबीचे 4 केबीचे तुकडे पाडले तर 15,616 तुकडे होतात, प्रत्येकाची एक छोटी खूण, म्हणजे चेकसम, सर्व्हरवर एका फाईलीत ठेवायची. प्रत्येक खुणेला ठोकळ 20 बाइट धरले तर ती फाईल 305 केबीच्या आसपास जाते. दुकानाचा कॉम्प्युटर ती आधी उतरवतो, आपल्या जुन्या फाईलमध्ये कुठले तुकडे आधीच आहेत ते शोधतो आणि जे नाहीत तेवढेच मागवतो.

यात गंमत आहे ती सरकण्याची. समज त्यानं फाईलच्या सुरुवातीलाच बिलाच्या खाली कन्नडमध्ये धन्यवादगळु अशी ओळ घातली. कन्नड लिपीत ते 10 कोडपॉइंट आणि यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे 30, अधिक ओळ संपल्याचा 1, एकूण 31 बाइट. आता त्यापुढचं सगळं 31 बाइटनं पुढं सरकलं, आणि ठरलेल्या जागीच 4 केबी मोजून बघितलं तर एकही तुकडा जुळणार नाही. म्हणून ट्रिजेल आणि मॅकेरास यांनी 1996 मध्ये rsync या फाईली जुळवायच्या प्रोग्राममध्ये रोलिंग चेकसम आणला, खिडकी एकेक बाइटनं सरकवत जायची, मागचा बाइट वजा, पुढचा अधिक, खूण परत पहिल्यापासून काढायची गरज नाही. त्यामुळं सरकलेला तुकडाही सापडतो, आणि नवा फक्त तो एक-दोन तुकड्यांचाच भाग उतरतो. zsync मध्ये हीच पद्धत पण उलटी, हिशेब सगळा दुकानाचा कॉम्प्युटर करतो, सर्व्हरला नुसतं फाईलचा मधला भाग देता आला की झालं. एक अडचण आहे, मूळ zsync ला https चालत नाही, ते आधी बघून घे.

मग हाच घ्यावा की? तर थांब, प्रोग्रामच्या exe ला तो कमी पडतो. exe मध्ये थोडा कोड घातला की पुढच्या सगळ्या गोष्टींचे पत्ते सरकतात, आणि ते पत्ते फाईलभर विखुरलेले असतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक 4 केबीच्या तुकड्यात दोन-चार बाइट बदलतात आणि सगळे तुकडे नवे ठरतात. तिथं bsdiff लई भारी पडतो. कॉलिन पर्सिव्हलचं 2003 चं काम ते, अंदाजे जुळणारे भाग शोधतो आणि नव्यातून जुनं वजा करतो, उरतात बहुतेक शून्यं, ती दाबली की चिमूटभर होतात. क्रोमवाल्यांनी 2009 मध्ये आकडे दिले होते, एका अपडेटला पूर्ण फाईल 10,385,920 बाइट, bsdiff चा पॅच 704,512, आणि त्यांनी खास पत्त्यांचा विचार करून बनवलेला कुर्जेट 78,848. पण कुर्जेट आपल्यासारख्यांना फार जड, त्यात पडू नको.

bsdiff ची किंमत मेमरीत मोजायची. पॅच बनवताना जुन्या फाईलच्या सुमारे 17 पट लागते, 61 एमबीला साधारण 1 जीबी, पण हे तुझ्याकडं एकदाच. दुकानात लावताना जुनी अधिक नवी मिळून 122 एमबीच्या आसपास पुरते, आणि दुकानातल्या साध्या कॉम्प्युटरलाही तेवढं जमतंच.

खरा त्रास पॅचमध्ये वेगळाच आहे, तो म्हणजे जुनी फाईल अगदी बाइट-न्-बाइट तीच पाहिजे. मी एकदा bsdiff चा पॅच नंदगडच्या एका दुकानात पाठवला, तिथं कोणीतरी प्रोग्रामची फाईल हातानं बदललेली होती. bspatch जुनी फाईल बरोबर आहे का हे तपासतच नाही, त्यानं चुपचाप कचरा बनवून दिला आणि दुकानदार सकाळी उघडतोय तर प्रोग्राम सुरूच होईना, त्या दिवशी बिलं वहीत लिहिली त्यांनी. xdelta3 मध्ये निदान तपासणी असते, तो असा थांबतो:

```
xdelta3 -e -s v41.tar v42.tar v41-v42.xd
xdelta3 -d -s v41.tar v41-v42.xd nava.tar
xdelta3: target window checksum mismatch: XD3_INVALID_INPUT
```

पहिली ओळ तुझ्याकडं, दुसरी दुकानात, तिसरी दिसली तर समज की त्या दुकानाची जुनी फाईल वेगळी आहे. तरी कुठलंही घेतलंस तरी जुन्या आणि नव्या दोन्ही फाईलींची sha256 खूण तपास, जुन्यावर लिहू नको, बाजूला नवी फाईल बनव, जुळली तरच नाव बदल, नाही जुळली तर गुपचूप पूर्ण झिप उतरव.

आणि पॅच किती ठेवायचे? प्रत्येक जुन्या व्हर्जनला वेगळा पॅच लागतो. 38 पासून 41 पर्यंतची दुकानं असतील आणि नवी 42 असेल तर चार पॅच, एकावर एक चढवत जायचं म्हटलं तर एक बिघडला की पुढचे सगळे अडकले, म्हणून थेट उडीचेच बनव. zsync ला मात्र व्हर्जनशी देणंघेणं नाही, जे असेल त्यातून उचलतो.

तर तुझ्यासाठी माझं मत असं, भावा. तुझ्या साठ दुकानांना पूर्ण झिप म्हणजे महिन्याला 1380 एमबी, तुझ्या सर्व्हरला काही नाही, दुकानदारालाच लागतं ते. तुझी दुकानं बहुतेक 40 नि 41 वर आहेत, प्रोग्रामचा गाभा exe आहे, म्हणून पॅचच, आणि bsdiff भारी असला तरी चुकीची जुनी फाईल पकडतो म्हणून xdelta3 चे, मागच्या तीन व्हर्जनचे आणि मागे पडलेल्यांना पूर्ण झिप. दुकानात मागची tar जपून ठेवावी लागेल, 61 एमबी जागा जाते, त्या जागेचं काही मनावर घेऊ नको. प्रोग्राम बाजूला ठेवून नुसती मालाची यादी नि दर असलेली मोठी डेटा फाईल रोज पाठवायची असती तर मी zsync सांगितला असता, तिथं तुकडे जसेच्या तसे राहतात.

आणि कणकुंबीचं ते दुकान व्हर्जन 29 वर आहे म्हणालास ना, तिथं पॅचच्या नादाला लागूच नको, बाजाराला जाणाऱ्या कुणाच्या तरी खिशात पेनड्राइव्ह घालून पाठव.