साध्या जॅकेटचा बॉम्ब कॅलरीमीटर: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या प्रयोगशाळेतलं हे उपकरण जुन्या धाटणीचं आहे. नमुना ऑक्सिजनमध्ये जाळायचं बंद धातूचं भांडं म्हणजे बॉम्ब, तो बुडवायला पाण्याची बादली, बाहेर साधं जॅकेट, ढवळणी, आणि केल्विनचा हजारावा भाग दाखवणारा तापमापक. आपोआप हिशोब करणारा पडदा नाही, आणि काही महिने वापरल्यावर मला त्याची उणीवही वाटत नाही. आकडे कुठून येतात ते इथे डोळ्यांसमोर दिसतं.

प्रमाणीकरण, म्हणजे सगळी जुळणी एक केल्विन तापायला किती उष्णता लागते ते ठरवणं, बेंझोइक आम्लाने होतं. ते हवेतला ओलावा धरत नाही, शुद्ध मिळतं, गोळी छान बांधली जाते आणि पूर्ण जळतं. गोळी दाबताना मात्र हात राखावा लागतो. सैल असली तर भुकटी उडून मुशीबाहेर न जळता राहते, फार घट्ट असली तर पेटताना तडकते. बॉम्ब उघडल्यावर काजळी दिसली की ती खेप बाद; आकडा कितीही देखणा आला तरी.

एक खेप पूर्ण मांडतो. गोळी १.००००  ग्रॅम, बॉम्बमध्ये १ मिलिलिटर पाणी, ऑक्सिजन सुमारे ३० वातावरण. आम्लाच्या प्रमाणपत्रावर ग्रॅमला २६,४३४ ज्यूल लिहिलेलं आहे. त्यात जळालेल्या फ्यूज तारेचे ७७ ज्यूल मिळवायचे. बॉम्बमध्ये राहिलेल्या हवेतल्या नायट्रोजनपासून थोडं नायट्रिक आम्ल बनतं. धुवण टायट्रेट केल्यावर त्याचे ४५ ज्यूल निघाले. एकूण २६,५५६ ज्यूल.

इथे पुस्तकाच्या कोष्टकातली ज्वलन एन्थाल्पी, मोलला ३,२२७ किलोज्यूल, घेऊन भागू नका. ती स्थिर दाबाची आहे आणि बॉम्बमध्ये आकारमान स्थिर असतं. प्रमाणपत्रावरचा आकडा बॉम्बमधल्याच परिस्थितीसाठी दिलेला असतो.

आता तापमानवाढ, आणि या उपकरणाचा खरा कस इथेच लागतो. वाचन सरळ वजा केलं तर वाढ २.५९५ केल्विन येते. पण पेटवण्याआधी ढवळणी आणि जॅकेटमुळे पाणी मिनिटाला ०.००४ केल्विनने तापत होतं, आणि शेवटी मिनिटाला ०.००२ ने निवत होतं. म्हणून एकूण वाढीचा ६३ टक्के भाग ज्या क्षणी पूर्ण होतो तो क्षण शोधायचा. त्याच्या आधीच्या काळाला पहिला वेग लावायचा, नंतरच्या काळाला दुसरा. आधीचा काळ १.२ मिनिटं, नंतरचा ६ मिनिटं. पहिल्या भागात बाहेरून आलेले ०.००५ वजा, दुसऱ्या भागात निसटलेले ०.०१२ अधिक. दुरुस्त वाढ २.६०२ केल्विन. त्यावरून उपकरणाची उष्माधारकता २६,५५६ ÷ २.६०२, म्हणजे केल्विनला १०,२०६ ज्यूल. दुरुस्ती टाळली असती तर हा आकडा जवळपास पाव टक्क्याने फुगला असता.

हा आकडा त्या विशिष्ट जुळणीचा असतो. बादलीतलं पाणी मोजपात्राने घेण्याऐवजी तोलूनच घ्या: ५ ग्रॅम पाणी कमीजास्त झालं की ०.२ टक्के गेले. बादली, तापमापक किंवा बॉम्बचा एखादा भाग बदलला की मी नव्याने प्रमाणीकरण करतो.

त्याच जुळणीत नॅफ्थॅलिन जाळलं. वजन ०.६००० ग्रॅम मुद्दाम घेतलं, म्हणजे तापमानवाढ प्रमाणीकरणाच्या जवळ राहते आणि दोन्हीकडच्या सारख्या चुका बऱ्याचशा एकमेकींना खातात. दुरुस्त वाढ २.३७५ केल्विन आली. १०,२०६ ने गुणून २४,२३९ ज्यूल. तार आणि नायट्रिक आम्ल यांचे याही वेळी १२२ ज्यूल भरले. ते वजा केल्यावर २४,११७ उरतात. म्हणजे ग्रॅमला ४०.१९५ किलोज्यूल, आणि १२८.१७ ने गुणल्यावर मोलला ५,१५१.८. आकारमान स्थिर असल्याने हाच आंतरिक ऊर्जेतला बदल ΔU; उष्णता बाहेर पडते म्हणून ΔU = −५,१५१.८ किलोज्यूल.

एन्थाल्पीसाठी समीकरण पाहा:

C₁₀H₈(s) + 12 O₂(g) → 10 CO₂(g) + 4 H₂O(l)

ΔH = ΔU + Δn·RT

Δn म्हणजे वायूंच्या मोलमधला बदल; तो मोजताना फक्त वायू धरायचे. पाणी द्रवरूपात उरतं, म्हणून ते मोजायचं नाही. १० वजा १२, म्हणजे −२. T म्हणजे २९८ केल्विन, तापमानवाढ नव्हे. विद्यार्थी इथे हमखास २.३७५ घालतात. दुसरी ठेच वायू स्थिरांक R ची: ८.३१४ ज्यूलमध्ये आहे आणि ΔU किलोज्यूलमध्ये. RT झालं २.४८ किलोज्यूल, म्हणून पद −४.९६ आणि ΔH = −५,१५७ किलोज्यूल प्रति मोल. कोष्टकात साधारण −५,१५६ सापडतं. काटेकोर कामात बॉम्बमधल्या दाबापासून प्रमाण अवस्थेपर्यंतच्या दुरुस्त्याही लागतात. इतक्या अचूकतेला मी त्या सोडून देतो.

गंमत म्हणजे ज्या ΔnRT वर सगळी चर्चा होते ते पद इथे जेमतेम ०.१ टक्का आहे, आणि तापमानाच्या दुरुस्तीने त्याच्या दुपटीहून जास्त फरक पाडला होता. ग्लुकोज जाळलं तर ते पद उरतच नाही. ६ मोल ऑक्सिजन आत जातो, ६ मोल कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, Δn शून्य.