टोपी आणि कफसाठी टाके घालताना: लाँग टेल, जर्मन ट्विस्टेड की ट्युब्युलर?

रिब कितीही लवचीक विणली तरी तिचा ताण शेवटी पहिल्या ओळीवर येऊन थांबतो. वरची दोन सुलट दोन उलट छान ताणली जाते आणि खालचा काठ मात्र दोरी बांधल्यासारखा कपाळावर रुततो, हे विणणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. मग कुणी सांगतं 'ट्युब्युलर घाल', कुणी सांगतं 'मोठ्या सुईवर घाल'. त्यातला दुसरा सल्ला जवळजवळ निरुपयोगी आहे. पहिला बरोबर आहे, पण दरवेळी नाही.

पद्धत निवडायच्या आधी दोन गोष्टी तपासाव्यात. काठाला किती उघडायचं आहे, आणि उघडून झाल्यावर परत किती मिटायचं आहे? लवचीकतेबद्दल बोलताना आपण पहिल्याचाच विचार करतो. टोपी आणि कफ यांच्यातला खरा फरक दुसऱ्यात आहे.

एक हिशेब करून बघू. मध्यम जाडीची लोकर, साध्या सुलट विणीत 10 सेंमीला 20 टाके. डोक्याचा घेर 56 सेंमी, टोपीला घेतले 100 टाके. रिब आकसून बसली की घेर साधारण 40 सेंमी होतो, म्हणजे एका टाक्याच्या वाट्याला 4 मिमी. डोक्यावर चढली की तोच टाका 5.6 मिमी व्हायला हवा. आता त्याच लोकरीचा कफ घ्या. मनगट 16 सेंमी, टाके 40, म्हणजे पुन्हा टाक्याला 4 मिमी. पण हात आत जाताना अंगठा आत दुमडून पंजाचा सगळ्यात रुंद भाग साधारण 22 सेंमी भरतो, म्हणजे टाक्याला 5.5 मिमी. उघडण्याची गरज दोन्हीकडे सारखीच निघाली. मात्र टोपी घातल्यावर ताणलेलीच राहते, काठात थोडा सैलपणा असला तरी डोकं तो भरून काढतं. कफला हात आत गेल्यावर लगेच 16 सेंमीवर परतायचं असतं, आणि हे दिवसातून अनेकदा. काठ परतला नाही तर मनगटाभोवती झालर लागते.

आता पद्धतींकडे वळू. लाँग टेल बहुतेकांच्या हातात बसलेली असते, त्यामुळे तिथूनच सुरुवात. यात तर्जनीवरच्या धाग्याचा टाका सुईवर बसतो आणि अंगठ्यावरचं मोकळं टोक त्याच्या पायथ्याशी वेढा घेत पुढच्या टाक्याकडे जातं. काठ किती ताणला जाईल हे ठरतं दोन टाक्यांच्या पायथ्यांमध्ये या मोकळ्या टोकाचा किती धागा सुटलाय त्यावर. मोठी सुई किंवा दोन सुया एकत्र धरल्या की मोठा होतो तो सुईवरचा फास. पायथ्याचा धागा तेवढाच राहतो. परिणाम असा की पहिली ओळ ढगळ, लांबोडकी दिसते आणि तिच्याखालचा काठ पूर्वीइतकाच घट्ट. म्हणून नेहमीचीच सुई घ्या आणि टाक्यांमध्ये अंतर ठेवा. प्रत्येक टाका ओढून घेताना उजव्या हाताची तर्जनी आधीच्या टाक्यावर दाबून ठेवली की नवा टाका त्याला चिकटत नाही. वरच्या टोपीसाठी पडताळणी सोपी आहे. दहा टाके घालून ते न ताणता सुईवर मोजा. साडेपाच सेंमीच्या आसपास भरले तर काठ डोक्याला पुरेल. चारच सेंमीत एकमेकांना खेटून बसले असतील तर शंभर टाके घालायच्या आधीच उसवा.

अशा मोकळ्या हाताने घातलेली लाँग टेल टोपीला, विशेषतः काठ दुमडायच्या टोपीला, अगदी पुरते. कफला मात्र तिची अडचण होते. ठेवलेलं अंतर काठ मिटताना कुठे जाणार? ते बाहेर फुगतं आणि काठ नागमोडी होतो. पातळ लोकरीत कमी, जाड लोकरीत जास्त. त्यामुळे कफला लाँग टेल घातली तर एकतर घट्ट होते नाहीतर पसरते, आणि या दोन्हींच्या मधलं नेमकं अंतर साधायला हात फार बसलेला लागतो.

जर्मन ट्विस्टेड इथे कामाला येते. हिलाच कुणी ओल्ड नॉर्वेजियन म्हणतं. धागे लाँग टेलसारखेच धरायचे, फरक फक्त अंगठ्याकडच्या चालीत. सुई अंगठ्याच्या दोन्ही धाग्यांच्या खालून पुढे आणायची, वरून वळवून अंगठ्याच्या वेढ्यात खाली घालायची आणि आतला धागा घेऊन पुन्हा आपल्याकडे आणायची. इथे धाग्यांची फुली पडते. मग तर्जनीवरचा धागा घ्यायचा, अंगठा किंचित पुढे वाकवून ती फुली उघडायची आणि त्या फटीतून सुई मागे काढायची. शब्दांत वाचताना किचकट वाटतं. हातात पाचसहा टाक्यांनंतर लय येते. लाँग टेलहून इथे प्रत्येक टाक्याच्या पायथ्याशी एक पीळ जास्त असतो. काठ ताणला की त्या पिळातला धागा मोकळा होतो, सोडला की परत पिळात बसतो. म्हणजे जादा धागा दोन टाक्यांच्या मध्ये लोंबत न राहता टाक्यातच साठवलेला असतो. उघडणं आणि मिटणं ही दोन्ही कामं ही पद्धत करते, म्हणून कफ आणि मोज्यांच्या वरच्या पट्टीसाठी मी आधी हिचाच विचार करते. तोटा एकच, काठाशी जाडसर, गाठीगाठींची ओळ दिसते. मला ती आवडते, पण एकदम नितळ काठ हवा असेल तर ही पद्धत तुमची नाही.

मोकळं टोक किती ठेवायचं हा प्रश्न दोन्हीकडे येतो. सुईभोवती लोकरीचे दहा वेढे घ्या, तो धागा उलगडून मोजा आणि त्या हिशेबाने एकूण टाक्यांना किती लागेल ते काढा. वर वीतभर जास्त ठेवा. जर्मन ट्विस्टेडसाठी त्यात निदान एक तृतीयांश भर घाला. नव्व्याण्णवाव्या टाक्याला धागा संपण्याची भीतीच नको असेल तर गोळ्याची दोन्ही टोकं घेऊन सरकगाठीने जोडा, एक अंगठ्यावर, एक तर्जनीवर. ती गाठ टाका म्हणून मोजायची नाही, शेवटी सोडून टाकायची. धागा लपवायला दोन टोकं वाढतात, एवढाच त्रास.

ट्युब्युलरची गोष्टच वेगळी. तिथे पायथ्याशी आडवा जाणारा असा धागाच नसतो. इटालियन पद्धतीने घालताना एक टाका तर्जनीच्या धाग्याचा, पुढचा अंगठ्याच्या धाग्याचा असे आळीपाळीने सुईवर येतात. मग एक टाका सुलट विणायचा, पुढचा टाका धागा समोर घेऊन न विणता सरकवायचा. परतीच्या ओळीत आधी सरकवलेले टाके सुलट म्हणून समोर येतात, ते विणायचे आणि बाकीचे तसेच सरकवायचे. अशा दोन किंवा चार ओळींत एक बारीकशी नळी तयार होते. सुलट टाके समोरच्या बाजूला, उलट मागच्या बाजूला, आणि काठावर धागा नुसता पुढून मागे वळलेला. रिब कुठे सुरू झाली तेच कळत नाही, दुकानी स्वेटरसारखं दिसतं. ती रिबइतकीच ताणली जाते, याहून जास्त उघडणारा काठ सहसा लागत नाही.

मग सगळीकडे हीच का नको? कारण मिटण्याची जबाबदारी पूर्णपणे लोकरीवर पडते. काठाला आवळून धरणारं काहीच नसल्याने लोकर स्वतः आकसणारी नसेल तर काठ घंटेसारखा पसरतो. सुती धाग्यात हे हमखास होतं. अॅक्रिलिक धाग्यागणिक वेगळं वागतं, आधी तुकडा विणून बघावा. जाड लोकरीत तर नळीच एवढी लठ्ठ होते की काठ वळकटीसारखा दिसतो. यावर उपाय म्हणजे टाके आणि नळीच्या ओळी रिबच्या सुईपेक्षा एकदोन नंबर बारीक सुईवर करायच्या: रिब 3.5 मिमीवर असेल तर सुरुवात 3 किंवा 2.75 वर. पसरणं कमी होतं, पण सुती धाग्याचं मूळ दुखणं त्याने जात नाही.

दुसरी गोष्ट, ट्युब्युलरचा मूळ स्वभाव एक सुलट एक उलट असाच आहे. दोन-दोनची रिब हवी असेल तर टाके चारच्या पटीत घ्यायचे आणि नळी संपल्यावरच्या पहिल्या ओळीत क्रम बदलायचा. चार टाक्यांच्या गटात पहिला सुलट विणायचा, मग तिसरा टाका दुसऱ्याच्या पुढून अलीकडे आणून सुलट विणायचा आणि उरलेले दोन उलट. शंभर टाक्यांत अशा पंचवीस अदलाबदली होतात. काठाशी त्या बारीक तिरकस खुणांसारख्या दिसतात, वाईट दिसत नाहीत, पण 'अदृश्य काठ' ही ट्युब्युलरची शान थोडी कमी होते. दोन-दोनच्या रिबला एवढा खटाटोप करावा असं मला क्वचितच वाटतं.

आणि गोल विणताना हे टाके सुईभोवती सतत गिरक्या घेतात. लगेच जोडायला जाल तर पीळ पडला आहे की नाही तेच ओळखता येत नाही. नळीच्या ओळी सपाट विणाव्यात, काठ दिसायला लागला की गोलात जोडावं, आणि राहिलेली चीर शेवटी मोकळ्या टोकाने शिवून टाकावी.

मोकळं टोक मोजायचं नसेल तर अल्टरनेटिंग केबल हा मधला मार्ग आहे. शेवटच्या दोन टाक्यांच्या मध्ये सुई घालून एकदा पुढून सुलट, एकदा मागून उलट असे टाके काढत जायचे. दिसायला ट्युब्युलरची धाकटी बहीण, ताणायला लाँग टेलपेक्षा बरी, फक्त हळू चालते. एकास एक रिबच्या टोपीला चांगली. साधी केबल मात्र रिबच्या काठाला नको, ती घट्ट काठासाठीच आहे.

थोडक्यात माझी निवड अशी असते: कफ कोणताही असो, जर्मन ट्विस्टेड; दुमडायची टोपी किंवा सुती धागा असेल तर मोकळी लाँग टेल; पातळ, उसळी असलेली लोकर, एकास एक रिब आणि काठ समोर दिसणार असेल तर ट्युब्युलर. बाही वरून खाली विणत असाल तर हे सगळं बाजूला ठेवा, कारण तिथे कफचा काठ टाके बंद करताना तयार होतो.

टोपी विणून झाली आहे आणि काठ घट्टच राहिला असेल तर पूर्ण उसवायची गरज नाही. रिबच्या वर, साध्या सुलट विणीच्या पहिल्या ओळीतले टाके सुईवर उचला, खालचा एक धागा कापून रिब वेगळी करा आणि नवी रिब वरून खाली विणून सैल हाताने बंद करा. टाके रिबमध्येच उचलायचा मोह आवरा. उलट दिशेने विणताना टाके अर्ध्या घराने सरकतात. साध्या विणीत ते कुणाला कळत नाही, रिबमध्ये मात्र उभ्या रेघा तुटलेल्या स्पष्ट दिसतात.