डोअर क्लोजर लावून सात-आठ महिने झाले, आता खरं लिहितो

आमचं मेन डोअर सागवानी, अख्खं भरीव, साधारण तीन फूट बाय सात फूट. जाडी दीड इंच धरली तर वजन पन्नास किलोच्या आसपास भरतं. गॅलरी पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी वारा सुटला की दार असं धाडकन आपटायचं की शेजारच्या काकू बाहेर येऊन बघायच्या. म्हणून क्लोजर घेतला. दुकानदार ६० किलोवाला, म्हणजे ३ नंबर, गळ्यात मारत होता, तो नियमाप्रमाणे ९५० मिलिमीटर रुंदी आणि ६० किलोपर्यंत चालतो. पण वारा असेल तिथे एक नंबर वरचा घ्यावा, म्हणून मी ४ नंबरच आणला, दोन-तीनशे रुपये जास्त गेले ते जीवावर आलंच.

कंपनीचा माणूस येऊन लावून गेला आणि पहिल्याच आठवड्यात डोक्याला ताप. दार मस्त हळूहळू यायचं आणि लॅचच्या दोन बोटं आधी थांबायचं. रात्री आई रोज उठून ढकलायची. फोन केला तर साहेब आले, लॅचचा स्क्रू ढिला केला, आता दार बंद व्हायचं पण शेवटी असा दणका द्यायचा की चौकटीचं प्लास्टर हललं. परत फोन, तर म्हणे "दादा, पीस खराब आहे, नवीन घ्या, वॉरंटीत बसणार नाही." तिथे माझी सटकली. तेव्हा मी रिव्ह्यूत एकच स्टार देणार होतो.

पण मग डब्यातला टेम्प्लेटचा कागद नीट उलगडून बघितला आणि मत बदललं. क्लोजरच्या हाताचे दोन भाग असतात, एक बॉडीवरच्या स्पिंडलला धरलेला मुख्य हात आणि दुसरा चौकटीला स्क्रू केलेला, लांबी कमीजास्त होणारा पुढचा हात. आमच्या दारासारखी, म्हणजे दार आत उघडतं आणि बॉडी आतल्या बाजूला दारावरच, अशी फिटिंग असेल तर कागदावर दोन पद्धती दिल्यात. लॅच नसलेल्या दाराला, दार बंद असताना मुख्य हात दाराला काटकोनात ठेवायचा. लॅच असलेल्याला पुढचा हात काटकोनात हवा, म्हणजे स्प्रिंगला आधीच जरा जास्त ताण बसतो आणि शेवटच्या टप्प्यात लॅच ओढून घेण्याइतका जोर मिळतो. आमच्या साहेबांनी पहिली पद्धत वापरली होती. लॅच असलेल्या दाराला!

कोपराचा स्क्रू काढला, पुढच्या हाताची लांबी बदलून तो काटकोनात आणला, परत जोडला. दार लॅचपर्यंत स्वतःहून गेलं. पीस खराब नव्हता.

स्पीडच्या स्क्रूबद्दल एकच गोष्ट डोक्यात ठेवा, तो जोर वाढवत नाही. जोर स्प्रिंगचा, स्क्रू फक्त तेलाला वाट किती मोकळी द्यायची ते ठरवतो. म्हणून दार थांबत असेल तर आधी हात बघा, मग स्क्रू. बहुतेक मॉडेलमध्ये दोन स्क्रू असतात, एक मोठ्या प्रवासाचा आणि एक शेवटच्या दहा-पंधरा अंशांचा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की हळू, उलट फिरवलं की जोरात. एकावेळी पाव फेरा, मग दार ९० अंशावरून सोडून बघायचं. मी पाच-सहा सेकंदांवर ठेवलंय, शेवटी फक्त 'टक' ऐकू येतं. स्क्रू पार बाहेर काढू नका, तेल गळलं की संपलं, घरी भरता येत नाही, बॉडी ओलसर आणि दार आपटायला लागलेलं दिसलं की समजायचं.

थंडीत पहाटे तेल घट्ट होतं, दार जरा आळसावतं, तेव्हा मोठ्या प्रवासाचा स्क्रू जरासा सैल केला. पावसाळ्यात मात्र दार परत अडकायला लागलं, पण ते क्लोजरचं नव्हतंच. कोपर सोडून दार हाताने लोटून बघितलं तर वरच्या कडेला चौकटीला घासत होतं, लाकूड फुगलेलं. सुताराने रंधा मारला.

आता ते प्लास्टिकचं कव्हर. कंपनीने कोणाच्या सांगण्यावरून बनवलंय देव जाणे! दोन्ही स्क्रू त्याच्या आत, त्यांच्यावर नंबरही नाहीत, आणि कव्हर काढायला चपटा स्क्रूड्रायव्हर खुपसून टणकन ओढावं लागतं. दर वेळी हे! एक खाच तुटली, आता ते फेविक्विकने... नाही, टेपने चिकटवलंय, कारण फेविक्विक लावलं तर पुढच्या थंडीत काढणार कसं? दोन हजारांच्या वस्तूला एवढं भिकार कव्हर.

बाकी एक, नाईट लॅच असेल तर चावी खिशात ठेवूनच कचरा टाकायला जा. दार तुमची वाट बघत नाही, पाच सेकंदांत लॉक.

चार स्टार, कव्हरचा एक कापला.