दहा-बारा अंड्यांसाठी खुडूक कोंबडी की छोटं इनक्युबेटर?

अंडी निवडताना दोन्हीकडे नियम तेच. सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, तडा नसलेली घ्यायची आणि निमुळतं टोक खाली करून ठेवायची. घाण लागलेलं अंडं धुऊ नका, बाजूला काढा. धुतलं की कवचावरचा लेप जातो आणि आत जंतू शिरतात.

अंडी फिरवणं मला कधी जड गेलं नाही. यंत्राला हलणारा ट्रे नसेल तर पेन्सिलीने फुली मारून दिवसातून पाच वेळा फिरवायची, अठराव्या दिवसापासून थांबायचं. कोंबडी हे आपलं आपण करते.

मला नडली ती आर्द्रता. मार्चमध्ये, कोरड्या हवेत, 24 अंडी यंत्रात घातली. सातव्या दिवशी बॅटरी लावून पाहिली, तीन रिकामी निघाली. उरलेल्या 21 पैकी पिल्लं आली 12. बाकीची फोडली तर सहांत पूर्ण वाढलेलं पिल्लू, एकदोघांनी कवचाला टोच मारलेली, पण आतला पापुद्रा चामड्यासारखा वाळून पिसांना चिकटलेला. पडद्यावर तर 65 टक्के दिसत होतं! नंतर मापक तपासला. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ आणि शेजारी मापक, दोन्ही हवाबंद डब्यात आठ तास ठेवले. आकडा 75 यायला हवा, आला 84. म्हणजे शेवटचे तीन दिवस 65 ते 70 हवी असताना आत 56च्या आसपासच होती. त्यात वाळलेली पिल्लं काढायला मी सारखं झाकण उघडत होतो, आणि प्रत्येक वेळी उरलीसुरली वाफ बाहेर जात होती.

त्याच महिन्यात खुडूक कोंबडीखाली 11 ठेवली होती, नऊ पिल्लं निघाली. एवढ्यावरून नियम बांधता येणार नाही, पण तिच्या पोटाची उघडी कातडी अंड्यांना चिकटून असते आणि टोच पडली की ती सहसा जागची हलत नाही.

तिचीही कटकट आहे. दोन दिवस खोट्या अंड्यांवर बसवून ती टिकते का ते पाहावं लागतं, खरी अंडी रात्री सरकवावी लागतात. दुसऱ्या कोंबड्या तिथेच अंडी घालतात, म्हणून खुणा करून नवी रोज काढायची. उवांसाठी खाली राख टाकायची. आणि हवी तेव्हा ती खुडूक होतेच असं नाही.

तीस-चाळीस अंडी असतील तर यंत्राला पर्याय नाही. फक्त मिठाची चाचणी आधी करा आणि वीज गेली तर काय, हे ठरवून ठेवा. दहा-बारांसाठी मात्र मी कोंबडीच म्हणेन. यंदा दोघींखाली बारा-बारा घातली आहेत. यंत्र तापवून ठेवलंय ते एखादी मध्येच उठली तर अंडी वाचवायला.